अनुभव धागा: अबाया, हिजाब, रिदा. कापड कुठलं, लांबी किती, आत काय?

नसीम, मुंब्रा
मी शिक्षिका आहे, रोज लोकलने ठाण्याला जाते. पावसाळा तोंडावर आलाय, नवा अबाया घ्यायचाय आणि दुकानात गेलं की डोकं चक्रावतं. नीदा, क्रेप, झूम, फिरदौस, शिवाय 54, 56, 58 अशी मापं. रोज घालणाऱ्यांनी आपापला अनुभव लिहा: कापड पडतं कसं, ओलं झाल्यावर काय होतं, काळा रंग किती टिकतो, आत काय घालता. का घालता आणि का नाही, यावर इथे चर्चा नको, त्यासाठी बाकी जग मोकळं आहे. माझी उंची 5 फूट 3 इंच. दुकानदार म्हणतो 56 घ्या, "लांबच शोभतो".

रुबीना, कुवेत (मूळ दापोली)
नीदाच घे. पॉलिएस्टरच असतं, पण विणकाम घट्ट आणि गुळगुळीत, त्यामुळे खांद्यावरून सरळ खाली पडतं, पायात गुंतत नाही आणि इस्त्रीही जवळजवळ लागत नाही. इथे घर, गाडी, ऑफिस सगळीकडे एसी, त्यामुळे जमिनीला टेकणारा अबाया चालून जातो. तोच सुट्टीत दापोलीला नेला की पहिल्या सरीतच खालची वीतभर चिखलाने लालसर होते. म्हणून गावाकडचा वेगळा ठेवलाय, घोट्याच्या वर.

अनघा, पुणे
पॉलिएस्टर म्हणजे गरमच. कॉटनचा का नाही शिवत? घाम टिपतं, हवा खेळते.

सुनंदाताई, रत्नागिरी
मी शिवणकाम करते आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं अबायाची आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अनघा, घामाचं तुमचं खरं आहे. पण एवढ्या लांबीचं सुती कापड भिजलं की जड होतं, लवकर वाळत नाही, आणि बसून उठलं की मागे चुण्या. सुती काळा धुण्यागणिक उतरतो तो वेगळाच. नीदा पातळ आणि सैल असला तर आतून वारा फिरतो. गरम होतं ते जाड, अस्तर लावलेल्या पॉलिएस्टरने. माझा सल्ला असा की वर नीदा आणि अंगालगत सुती. आत गुडघ्यापर्यंतचा मलमलचा कुर्ता आणि सुती सलवार घातली की घाम आतच टिपला जातो आणि वरचं कापड अंगाला चिकटत नाही.

आता नसीमची लांबी. अबायाचा आकडा म्हणजे खांद्यापासून खालपर्यंतचे इंच. रोजची चप्पल घालून उभं राहायचं, मान आणि खांदा मिळतो तिथे टेप धरायची, छातीवरून सोडायची, जमिनीपर्यंत. 5 फूट 3 इंचाला हे माप साधारण 54 येतं. म्हणजे 56 घेतला तर दोन इंच जमिनीवर लोळणार, आणि जिना चढताना पुढची कड स्वतःच्याच पायाखाली येणार. तुला जमिनीपासून दोन इंच वर हवा, म्हणजे तयार लांबी 52. दुकानातून 54 आणलास तर सव्वा इंच कापायचा आणि पाऊण इंच दुमडायचा.

हे सरळ कटाचं झालं. अंब्रेला कटाला असं सरळ कापू नका. त्याचं कापड काही ठिकाणी तिरकं येतं आणि ते स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. आधी रात्रभर हँगरला टांगून ठेवायचा, मग अंगावर घालून कोणाकडून तरी जमिनीवर उभी पट्टी धरून गोल खुणा करून घ्यायच्या. दुमड अगदी बारीक ठेवायची, कारण गोल कडेला रुंद दुमड घातली की ती पिळवटते. पहिल्या धुण्यानंतर बाजूंची टोकं लोंबतात असं सांगत बायका येतात ना, त्यांचा अबाया बहुधा न टांगता शिवलेला असतो.

नसीम, मुंब्रा
सुनंदाताई, दुकानदाराला हे वाचून दाखवते! आणि क्रेप?

सुनंदाताई, रत्नागिरी
क्रेपला वजन असतं, घडी सुंदर पडते, लग्नाला छान. पण भिजल्यावर खाली ओढतो. पावसाला नको.

स्वराली, पुणे
मी स्कूटरवर उन्हासाठी स्कार्फ बांधते, हेल्मेटखाली तो सारखा कपाळावरून मागे जातो. धागा हिजाबचा आहे माहितीये, पण इथल्या बायकांना नक्की ठाऊक असेल.

आफरीन, औरंगाबाद
विचार की गं. शिफॉन आणि जॉर्जेट केसांवर घसरतातच, त्यांच्याखाली सुती अंडरकॅप लागते. मी हेल्मेटच्या दिवशी जर्सीचा हिजाब घेते. टी-शर्टसारखं ताणणारं कापड, धरून बसतं. डोक्यावर पिन अजिबात नाही, हेल्मेटखाली ती टोचते. हनुवटीखालून एक टोक आखूड आणि दुसरं लांब घ्यायचं, लांब टोक गुंडाळून मानेशी खोचायचं. मागे केसांचा मोठा अंबाडा नको, हेल्मेट नीट बसत नाही.

एरवी कॉलेजात मॉडालचा. साधारण 70 बाय 180 सेंटिमीटरचा असेल तर छाती झाकून एक टोक खांद्यावर टाकता येतं. रंग मातकट गुलाबी, ऑलिव्ह, राखाडी. अंडरकॅप हिजाबच्याच रंगाची लागते, नाहीतर कपाळाशी वेगळी पट्टी डोकावते आणि दिवसभर आरशात तीच दिसते.

रुबीना, कुवेत
जर्सी उन्हात? आमच्याकडे तर मान उकडून निघते.

आफरीन, औरंगाबाद
पातळ जर्सी आपा, जाड नव्हे. आणि आमचं ऊन कोरडं आहे. कोकणातल्यांनी सांगावं.

तस्नीम, पुणे
आम्ही बोहरी, म्हणून थोडं वेगळं. आमचा रिदा दोन भागांत असतो: खाली घेरदार घागरा, वर डोक्यावरून कमरेच्या आसपास येणारा भाग. काळा जवळपास नाहीच. माझा रोजचा फिका पिस्ता, कडेला लेस. लांबीचा प्रश्न आमच्याकडे निम्माच, कारण घागरा नाडीने वर घेता येतो. कस वरच्या भागाचा लागतो. हनुवटीशी माप ढिलं झालं की दिवसभर मागे सरकतो, घट्ट झालं की घास चावताना जाणवतं. म्हणून माप घेताना मी बोलत राहते.

यास्मिन, नागपूर
आमच्याकडे थंडीत पावसाची नाही, करंटची भानगड. कोरड्या हवेत नीदा लेगिंगला चिकटून पायांत गोळा होतो. लेगिंगही पॉलिएस्टरचीच असेल तर जास्तच. सुती पेटीकोट घातला की बरंच कमी होतं. खालच्या दुमडीत आतून एक सेफ्टीपिन लावून ठेवते, त्यानेही फरक पडतो.

रंगाबद्दल एक. काळं दुकानातल्या ट्यूबलाइटखाली घेऊ नका. दारात, उजेडात न्या, शेजारी दुसरा काळा धरा. एक निळसर दिसतो, एक तपकिरी. वेगळा हिजाब जोडायचा असेल तर हे आधीच बघा, नाहीतर दोन काळे एकमेकांशी भांडतात. आणि तिथेच एक पदर हाताच्या पंजावर धरा. उजेडात बोटं स्पष्ट दिसली तर आत पूर्ण लांबीचा थर लागणार.

नसीम, मुंब्रा
माझा जुना खांद्यावर विटकरी झालाय. रंगवून मिळेल का? कुर्ल्याची मावशी म्हणते तिने रंगवून घेतला, छान झाला.

सुनंदाताई, रत्नागिरी
आतल्या शिवणीच्या कडेला कापडाचाच एखादा धागा ओढून जाळून बघ, शिलाईचा दोरा नको. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर, त्यावर घरगुती पुडीचा रंग धरत नाही. कागदासारखा जळून भुरभुरीत राख झाली तर व्हिस्कोस, तो रंग घेतो. मावशीचा बहुधा व्हिस्कोस असावा.

नसीम, मुंब्रा
मावशी शपथेवर सांगते नीदाच होता. पावतीवरही नीदा लिहिलंय.

यास्मिन, नागपूर
पावतीवर काय, आमच्या बाजारात प्रत्येक काळ्या कापडाला नीदाच म्हणतात. मावशीला म्हणा, धागा जाळा.

नसीम, मुंब्रा
तिला अबायाजवळ काडी न्यायला सांगायची हिंमत माझ्यात नाही. रविवारी जाते तेव्हा गुपचूप बघते.