नेट नसताना चालणारा नकाशा: वासोट्यासाठी काय वापरावं?

शाहूपुरीकर
नमस्कार मंडळी. डिसेंबरात घरची आणि ऑफिसातली काही माणसं मिळून वासोट्याला जायचं चाललंय. सकाळी साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, तिथं वनखात्याची परवानगी, मग बोटीने शिवसागर ओलांडून मेट इंदवली आणि तिथून वर. कास सोडलं की माझ्या फोनची रेंज आचके द्यायला लागते आणि पलीकडच्या काठावर तर नावच नको. बरोबर दोन शाळकरी पोरं आहेत. आपण कुठे आहोत आणि उतरायला किती राहिलंय, एवढं फोनवर दिसत राहिलं तरी बास. गुगल मॅप्समध्ये त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवलाय. तेवढ्यावर भागेल का? फोन साधा अँड्रॉइड आहे.

बारा_मोटेची_विहीर
भागेल की! मी तापोळ्याकडे गाडी घेऊन जातो तेव्हा तोच वापरतो. नेट पूर्ण बंद असलं तरी वळणावळणाला सांगतो. फक्त उतरवलेल्या नकाशाला मुदत असते, निघायच्या आदल्या आठवड्यात वायफायवर अपडेट करून घ्या. वेगळं अॅप कशाला वाढवताय?

पाटणचा_गडी
वासोट्याला नकाशा कशाला लागतोय दादा? वाट मळलेली हाय. बामणोलीत वाटाड्या घ्या, चार पैसे गावात राहतील. फोनकडं बघत चालणारा पोरगाच पहिला घसरतो, बघितलंय.

कडेकपारी
पाटणच्या दादांचं वाटाड्याबद्दल एकदम मान्य. लहान मुलं असताना तर घ्याच. पण वर प्रश्न नकाशाचा आहे, म्हणून त्याबद्दल लिहितो.

तापोळ्याचं उदाहरण बरोबर आहे, पण ते गाडीचं. गुगलचा उतरवलेला नकाशा नेट नसताना रस्ता सांगतो तो गाडीपुरता. पायी जायचा मार्ग त्यात ऑफलाइन मिळत नाही, आणि डोंगराचा उठाव दाखवणारा थरही उतरत नाही. म्हणजे बामणोलीपर्यंत तो तुमच्या उपयोगाचा. पलीकडे उतरलात की हिरव्या पट्ट्यावर निळा ठिपका, आणि ठिपक्याखाली वाट नाही.

पायवाटांसाठी ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालणारं अॅप घ्या. Play Store मध्ये Organic Maps असं टाका. फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. OsmAnd पण चांगलं, त्यात सोयी जास्त, पण पहिल्यांदा उघडणारा त्या सेटिंगांच्या जंगलातच हरवतो. घरच्या वायफायवर महाराष्ट्राचा नकाशा उतरवा, मग लेयर्सच्या बटणातून समोच्च रेषा चालू करा. जरा झूम केल्यावरच त्या दिसतात.

आता बसल्या जागी पाच खुणा करून ठेवा: बामणोलीचा धक्का, पलीकडे बोट लावतात ती जागा, वनखात्याची चौकी, नागेश्वरचा फाटा आणि गड. प्रत्येकीला मराठीत नाव द्या. एक सावध करतो. बामणोलीवरून थेट ‘वासोटा, पायी’ असा मार्ग अॅपला मागू नका. पाण्यावरून बोट जाते हे नकाशात काढलेलं नसेल तर अॅप बिचारं पूर्ण जलाशयाला वळसा घालून कुठल्या कुठे पाठवेल, नाहीतर मार्गच नाही म्हणेल. मार्ग मागायचा तो पलीकडच्या उतरणीच्या जागेपासून.

आणि नकाशावर मेट इंदवली हे नाव दिसतं म्हणून तिथं पाणी, चहा, मदत मिळेल असं धरू नका. अभयारण्यातलं ते गाव केव्हाच उठलंय, नाव तेवढं राहिलंय.

बारा_मोटेची_विहीर
पायी मार्ग ऑफलाइन मिळत नाही हे लक्षातच आलं नव्हतं, कारण कधी मागितलाच नाही. पण जीपीएसला थोडं तरी नेट लागतंच ना? रेंज गेली की माझा ठिपका बराच वेळ राखाडी होऊन बसतो.

कडेकपारी
नाही. जीपीएस म्हणजे फोनने उपग्रहाचं ऐकायचं, एवढंच. नेट लागत नाही, सिमही लागत नाही, विमान मोडमध्येसुद्धा चालतं.

तुमचा ठिपका राखाडी होण्याचं कारण वेगळं आहे. कुठला उपग्रह कुठे आहे ही माहिती फोनला आधी हवी असते. नेट असलं की ती क्षणात खाली येते. नसलं की फोन ती उपग्रहाकडूनच ऐकतो. उपग्रह ती दर अर्ध्या मिनिटाला परत परत सांगत असतो, पण मध्ये झाड, कडा, बसचं छप्पर आलं आणि बोलणं तुटलं, की पुन्हा ऐकत बसावं लागतं. मोकळ्या मैदानात मिनिटभराचं काम दरीत पाच-दहा मिनिटं खातं. एकदा मिळालेली माहिती काही तास पुरते. म्हणून रेंज असतानाच, कासच्या पठारावर म्हणा, नकाशा उघडून ठिपका पक्का होऊ द्या. मग बोटीत बसल्यावर पुन्हा एकदा बघा. जलाशयाच्या मध्यावर आकाश मोकळं असतं, तिथं ठिपका झकास लागतो.

मिरजेच्या_काकू
मी ट्रेकवाली नाही, पण माझं पण असंच होतं म्हणून विचारते. सांगलीहून रात्रीच्या एसटीने रत्नागिरीकडे जाते, साखरप्याला उतरायचं असतं. मलकापूर गेलं की आंबा घाटात फोन मुका. ठिपका मलकापुरातच बसलेला आणि गाडी कुठे असेल देव जाणे. अंधारात बाहेरचं ओळखू येत नाही. दर वेळी कंडक्टरला उठून विचारायचं म्हणजे मागचे लोक कुरकुरतात.

कडेकपारी
काकू, तुमचं काम तर गुगलच्या ऑफलाइन नकाशावरही होईल. सांगली ते साखरपा एवढा पट्टा घरी उतरवून घ्या. बसचं वेळापत्रक किंवा बसचा मार्ग विचारू नका, ते नेटशिवाय मिळत नाही. गाडीचा मार्ग लावा, त्यात किती किलोमीटर राहिले ते दिसत राहील.

ठिपका मलकापुरात अडकतो कारण फोन पर्समध्ये किंवा मधल्या सीटवर असणार. पत्र्यातून उपग्रह ऐकू येत नाही, काचेतून येतो. खिडकीची जागा घ्या आणि मलकापूर यायच्या आधीच फोन काचेजवळ धरून ठिपका हलतोय ना ते बघा. घाटात शिरल्यावर पहिल्यांदा शोधायला लावलंत तर एका बाजूला डोंगराची भिंत आणि त्यात गाडी वळतेय, फार वेळ लागतो.

पाटणचा_गडी
आणि काकू, कंडक्टरला तिकीट काढतानाच सांगून ठेवा. तो नकाशापेक्षा पक्का.

शाहूपुरीकर
अॅप घेतलं, खुणा केल्या. बॅटरीचं काय करू? गेल्या खेपेला जंगलात काही न करता दुपारपर्यंत फोन अर्ध्यावर आला होता.

कडेकपारी
काही न करता नव्हे. रेंज नसली की फोन टॉवर शोधत राहतो आणि त्यातच बॅटरी जाते. बोटीतून उतरल्यावर विमान मोड लावा, पण लोकेशन चालू राहू द्या. पाच-दहा मिनिटांनी नकाशा बघितला तरी पुरतं, सतत स्क्रीन पेटती ठेवायची गरज नाही. पॉवरबँक आणि तिची वायर कुठल्या पिशवीत आहे हे दोघांना माहीत असू दे. काही बरं-वाईट झालंच तर ११२ लावायच्या आधी विमान मोड काढायचा, हे मुलांनाही सांगा. तिथं तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीची पोचत असेल तर ११२ लागतो. कुणाचीच पोचत नसेल तर तोही नाही.

माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट आता सांगतो. चौकीपासून अॅपमध्ये ट्रॅक रेकॉर्डिंग चालू करा. नकाशातली वाट कुणीतरी कधीतरी काढलेली असते, पण चढताना तुमच्या फोनने ओढलेली रेघ ही तुम्ही स्वतः चाललेली वाट. उतरताना फाट्यावर शंका आली तर तिच्यावर विश्वास ठेवा. फक्त काही फोन बॅटरी वाचवायच्या नादात स्क्रीन बंद झाली की अॅपच मारून टाकतात. सेटिंगमध्ये त्या अॅपची बॅटरी ‘अनिर्बंध’ करा आणि आदल्या दिवशी अजिंक्यतारा चढून तपासा. घरी आल्यावर रेघ वळणावळणाची दिसली तर ठीक. मध्येच फूटपट्टीने मारल्यासारखा सरळ तुकडा आला तर तेवढा वेळ अॅप झोपलं होतं असं समजा.

शाहूपुरीकर
केलं. पायऱ्यांपासून मंगळाई मंदिरापर्यंत एकच सरळ रेघ! बॅटरीचं सेटिंग बदलून परत चढलो, आता व्यवस्थित वळणं आली. बायको म्हणते, व्यायाम तरी झाला.

विमान मोड लावून नकाशाही तपासला. नव्या अॅपमध्ये पलीकडची पायवाट तुटक रेघेने दिसतेय. गुगलवर तिथं नुसता हिरवा रंग.

कडेकपारी
तपासताना एक बघा. नेट असताना नुकताच पाहिलेला भाग फोनच्या आठवणीत राहतो, त्यामुळे तो ऑफलाइनसुद्धा दिसतो आणि सगळं उतरलंय असं वाटतं. आधी न उघडलेला, आजूबाजूचा भाग झूम करून बघा.

झाडीत ठिपका वाटेपासून दहा-वीस मीटर सरकलेला दिसला तर पायाखालची मळलेली वाट सोडू नका, नकाशासाठी तेवढी चूक नेहमीची आहे. पण चालाल तसं अंतर वाढतच चाललं तर थांबा, मोकळ्या जागी येऊन मिनिटभर ठिपका स्थिर होऊ द्या आणि मग ठरवा. उन्हाळ्यात गेलात तर उलटी गंमत होते. जलाशय भरलेला असतानाचा काठ नकाशात असतो, पाणी खाली गेलं की तुम्ही कोरड्या मातीवरून चालता आणि ठिपका पाण्यात दिसतो. ते खरं धरू नका.

समोच्च रेषा कोकणच्या बाजूला एकमेकींना चिकटलेल्या दिसतील. तो कडा आहे. गडाच्या त्या अंगाला अॅपने कुठलीही जवळची वाट सुचवली तरी मुलांना घेऊन तिकडे नाही.

शाहूपुरीकर
अजून एक अडचण. एका मित्राने त्यांच्या जुन्या ट्रेकची .gpx फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवली, ती अॅपमध्ये उघडली. नागेश्वरच्या फाट्याजवळ त्याची रेघ आणि नकाशातली वाट बऱ्यापैकी लांब पडतात. कुठली खरी धरू?

कडेकपारी
इथे बसून सांगता येणार नाही. मित्राचा फोन झाडीत भरकटला असेल, किंवा वाटच बदलली असेल. त्याची रेघ दाट समोच्च रेषांना आडवी कापत थेट वर जात असेल तर ती फोनची चूक असण्याची शक्यता जास्त. दोन्ही रेघा सारख्याच उताराने जात असतील तर मीही पैज लावणार नाही. चौकीवर विचारा.

पाटणचा_गडी
म्हणून म्हणत होतो, वाटाड्या घ्या.

मिरजेच्या_काकू
नकाशा उतरवला हो. पण ‘जागा भरली’ म्हणून फोन ओरडतोय. नातवाचे व्हिडिओ काढून टाकायचे म्हटलं तर जीव होत नाही. मेमरी कार्डावर नकाशा ठेवता येतो का?