मदत हवी आहे: गुहागर–दापोली अंतर inf का येतंय?

खाडीपलीकडचा
आमच्या मालवाहतुकीच्या डेपोंमधली सगळी कमीत कमी अंतरं काढायची आहेत. तपासायला चारच घेतले: 0 गुहागर, 1 दापोली, 2 खेड, 3 चिपळूण. आधी किनाऱ्यावरचे, मग हायवेवरचे. अंतरं अंदाजे: गुहागर–चिपळूण 45, चिपळूण–खेड 30, खेड–दापोली 28 किमी. बाकी घरांत `inf`, कर्णावर 0.

```python
for i in range(n):
    for j in range(n):
        for k in range(n):
            d[i][j] = min(d[i][j], d[i][k] + d[k][j])
```

गुहागर–खेड 75 बरोबर येतं, पण गुहागर–दापोली `inf`च राहतं.

बावनदी
हाच कोड लागोपाठ दोनदा चालवा, 103 येईल. माझं असंच भागतं.

धोपावेकर
चिपळूणला वळसा कशाला घालताय? धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरा, पुढे दापोली. 103 किमी कोण जातंय!

सड्यावरचा
धोपावेकर, बोटीचा मुद्दा खरा, पण प्रश्न तो नाही. समजा बोट नाहीच, तरी 103 यायला हवं.

`k` सगळ्यात बाहेर हवा. तुमच्या कोडमध्ये गुहागर–दापोलीची पाळी अगदी सुरुवातीला येते. तेव्हा गुहागर–खेडही `inf` आणि चिपळूण–दापोलीही `inf`, म्हणजे जोडायला काहीच नाही. पुढे दोन्ही भरतात, पण या घराकडे कोणी परत फिरकत नाही.

`k` बाहेर असला की एका डेपोमार्गे होणारे सगळे फायदे उरकूनच पुढचा डेपो घेतला जातो. इथे गुहागर आणि दापोलीच्या फेऱ्यांत काही बदलत नाही. खेडच्या फेरीत दापोली–चिपळूण 58 होतं. चिपळूणच्या फेरीत 45 + 58 = 103.

डेपोंचा क्रम बदलून हायवेवरचे आधी घेतलेत तर तुमचा कोडही इथे बरोबर उत्तर देईल. म्हणून ही चूक लवकर सापडत नाही, आणि `inf`च्या जागी जास्तीचं अंतर राहून गेलं तर शंकाही येत नाही.

बावनदी, या चार डेपोंना दोनदा पुरतं, पण दर वेळी पुरेलच असं नाही. तीनदा चालवलं की मात्र कायम बरोबर येतं, 2019 मध्ये तशी सिद्धताही आली आहे. पण एक ओळ वर सरकवायची सोडून तिप्पट काम कशाला?

खाडीपलीकडचा
`k` वर नेला, 103 आलं. आता बोट धरायची तर किमी सोडून मिनिटं भरू का? आणि थांबण्याचा वेळ?

सड्यावरचा
मिनिटं भरा, पण सगळ्याच घरांत. बोट दोन्ही दिशांना लिहा, `d[0][1]` आणि `d[1][0]`. थांबण्याचे सरासरी मिळवा. बोट बंद असते त्या वेळेसाठी वेगळं कोष्टक ठेवा.

धोपावेकर
सरासरी कसली? मे महिन्यात रांग बघा एकदा जेटीवर.

सड्यावरचा
तेही खरंच. घरात आकडा एकच बसतो. रांगेचं काय करायचं, कोणाला सुचलं तर सांगा.