मदत हवी आहे: बार चार्टच्या स्क्रीनशॉटवरून आकडे कसे काढायचे?

धायरीकर: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टँकरचा बार चार्ट आलाय, नुसता स्क्रीनशॉट, बारवर आकडे नाहीत आणि एक्सेल मागितली तर कोणी देत नाहीये. मला फेब्रुवारी, मार्च, एप्रिलचे टँकर वेगवेगळे हवेत कारण बिलं जुळवायचीत. पेंटमध्ये उंची मोजली, 120 ची रेघ तळापासून 400 पिक्सेल वर, मार्चचा बार 225, म्हणजे 225 भागिले 400 गुणिले 120, उत्तर 67.5. अर्धा टँकर कसा येईल? आणि तिन्ही महिने मिळून 225 होतात, खाली नोटिशीत मात्र एकूण 272 लिहिलंय.

सेक्रेटरी_काका: बारवर राइट क्लिक करा, अ‍ॅड डेटा लेबल्स.

धायरीकर: काका, ती इमेज आहे हो, एक्सेल नाही.

कोथरूडचा_मन्या: पद्धत बरोबर आहे रे, झूम कमी पडला असेल, 400 टक्के करून परत मोज.

ग्राफवाली: झूम केल्याने बारची कड नीट दिसेल पण हा फरक झूमचा नाही. अक्षावर सगळ्यात खालचा आकडा काय आहे?

धायरीकर: 40. अरे, हे बघितलंच नव्हतं!

ग्राफवाली: तिथेच गडबड झालीये, तुम्ही तळ शून्य धरलात. उंचीचं प्रमाण थेट लावता येतं ते अक्ष शून्यापासून असेल तरच. दोन रेघा घ्या ज्यांचे आकडे छापलेत, त्यांच्यावर कर्सर नेऊन पेंटच्या खालच्या पट्टीतला दुसरा आकडा लिहून घ्या. तो वरून खाली वाढतो हे विसरू नका.

धायरीकर: 120 ची रेघ 90 वर, 40 ची 490 वर. बारची टोकं फेब्रु. 315, मार्च 265, एप्रिल 140.

ग्राफवाली: म्हणजे 400 पिक्सेलमध्ये 80 टँकर, 5 पिक्सेलला एक.

```
टँकर = 40 + (490 - टोक) / 5
```

फेब्रु. 75, मार्च 85, एप्रिल 110. तिन्ही पूर्ण आकडे आले, मोजमाप नीट झाल्याची ही चांगली खूण.

मुळाकाठ: माझ्याकडे मीटिंगमध्ये स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो आहे, तिरका. त्याला चालेल?

ग्राफवाली: असं सरळ नाही चालणार. तिरक्या फोटोत एकच रेघ डावीकडे वर आणि उजवीकडे खाली असते, त्यामुळे डावीकडचं माप उजव्या बारला लावू नका. प्रत्येक बारच्या अगदी शेजारी टोकाच्या लगेच वरची आणि खालची रेघ मोजा आणि त्या दोघींमध्येच हिशोब करा. WebPlotDigitizer मध्ये अक्षावरचे बिंदू दाखवले की हेच गणित ते करतं, पण बिंदू चुकला तर तेही चुकतं.

धायरीकर: बेरीज 270 आली, नोटिशीत 272. दोनचा फरक मोजण्यातला असेल का?

कोथरूडचा_मन्या: एवढं चालतंच रे.

ग्राफवाली: मला नाही पटत. टोक वाचताना दोन पिक्सेल चुकले तरी एका बारमागे अर्ध्या टँकरहून कमी फरक पडतो, तिन्ही एकाच बाजूला चुकले तरी सव्वाच्या आत. बारला जाड बॉर्डर आहे का? असेल तर तिची वरची कड मोजलीत की मधली ते बघा.

धायरीकर: बॉर्डर नाहीये. आज रात्री 80 ची रेघ 290 वर येते का ते तपासतो, आणि वॉचमनकडची टँकरची वही मागतो.