एलडीएल १२२ की १५२?

प्रतिभाताई (बी-२०४): दादा, काल हॉलमध्ये लिपिडवर बोललात तेव्हा निम्मे लोक चहाच्या रांगेत होते. ते एलडीएलचं गणित इथे टाका ना. ह्यांचे आठवड्याच्या अंतराने दोन रिपोर्ट आहेत. पहिल्यात एलडीएल १२२, दुसऱ्यात १५२. गोळी सुरू नाही, खाण्यात बदल नाही.

शिबिर स्वयंसेवक (ए-१०३): चारही आकडे टाका ताई. आणि रक्त कधी दिलं होतं?

प्रतिभाताई: पहिला: एकूण कोलेस्टेरॉल २२८, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड ३४०. दुपारी भरीत-पुरी खाऊन तीन वाजता दिलं होतं. दुसरा, सकाळी उपाशीपोटी: २२६, ३८, १८०.

शिबिर स्वयंसेवक: मग एलडीएल वाढलेलंच नाही. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, वजाबाकीने काढतात. एकूणातून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा.
पहिला: २२८ − ३८ − ६८ = १२२.
दुसरा: २२६ − ३८ − ३६ = १५२.
तेलकट जेवणानंतर काही तास ट्रायग्लिसराइड चढलेलं राहतं. मग पाचवा भागही फुगतो आणि एलडीएल आहे त्यापेक्षा कमी दिसतं. भरिताने कोलेस्टेरॉल उतरवलं असं कोणी समजू नका 😄

आबा (सी-३०१): भाऊ, मंग खरं कोनतं?

शिबिर स्वयंसेवक: दोघांतलं १५२ खऱ्याच्या जवळचं, आबा. पण एक सोपी वजाबाकी घरीच करा: एकूण वजा एचडीएल. त्याला नॉन-एचडीएल म्हणतात. पहिल्यात १९०, दुसऱ्यात १८८, म्हणजे जवळपास तेच. जेवणाने तो आकडा फारसा हलत नाही, म्हणून मी आधी तोच बघतो.

प्रतिभाताई: रिपोर्टवर १३० पर्यंत ठीक छापलंय. ह्यांना शुगर आहे.

शिबिर स्वयंसेवक: छापलेली मर्यादा सरसकट सगळ्यांसाठी असते. मधुमेहात एलडीएल निदान १०० च्या आत हवं, जोखीम जास्त असेल तर ७० च्याही आत. नॉन-एचडीएलची मर्यादा त्याहून ३० ने जास्त धरतात, म्हणजे १३०. त्या हिशोबाने १८८ बरंच वर आहे. दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, नुसता १२२ वाला दाखवू नका.

आबा: माझं ट्रायग्लिसराइड ४६० आहे, एलडीएलच्या जागी रेघ मारलीय. लॅबवाला विसरला का?

शिबिर स्वयंसेवक: नाही, बरोबर केलंय त्याने. ४०० च्या वर हे सूत्र चालत नाही. उपाशीपोटी पुन्हा तपासा. तरीही वरच राहिलं तर 'डायरेक्ट एलडीएल' सांगा. ५०० च्या वर गेलं तर मात्र थांबू नका, स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढत जातो.

प्रतिभाताई: उपाशी म्हणजे किती तास? पाणी चालतं?

शिबिर स्वयंसेवक: ९ ते १२ तास. साधं पाणी चालतं, दुधाचा चहा नाही. आदल्या दिवशी दारू नको. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर त्या सकाळी कधी घ्यायचं ते डॉक्टरांना आधी विचारा आणि लॅबमध्ये पहिला नंबर लावा.