मदत हवी आहे: सहाशे पानांची फाईल सहकाऱ्याला दोन पानांत कशी सोपवू?

ओढाकाठ:
जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता आहे. बदली झाली, शुक्रवारी कार्यमुक्त होतेय. जल जीवन मिशनमधली एका गावाची नळयोजना नव्या सहकाऱ्याकडे द्यायची आहे. तो आजवर इमारतींच्या कामावर होता, पाणीपुरवठ्यात पहिल्यांदाच येतोय.

टिपण तारखेप्रमाणे लिहायला घेतलं, तर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश यांतच तीन पानं संपली. काम कुठवर आलंय तेच राहिलं. ऊर्ध्ववाहिनी पूर्ण आहे, वितरण वाहिनी 6100 मीटरपैकी 5400 झाली, जलकुंभ दुसऱ्या ब्रेसपर्यंत आलाय, चार चालू देयकं दिलीत. काय ठेवू, काय गाळू?

आवकजावक:
ताई, एवढा विचार कशाला? पान क्रमांक टाकून कागदांची यादी करा, मोजमाप पुस्तकांचे नंबर लिहा, दोघांच्या सह्या घ्या. सही झाली की तुम्ही मोकळ्या.

जुनाजेई:
यादी हवीच, पण मोकळं कोणी होत नाही. मोजमाप पुस्तकात तुमच्या सहीने चढलेली मापं उद्याही तुमचीच राहतात. शिवाय यादीतून कागद कोणते आहेत ते कळतं, कोणता नाही ते कळत नाही.

टिपण उलटं लिहा. तो खुर्चीत बसल्यावर पहिल्या महिन्यात काय हातचं जाऊ शकतं, ते सगळ्यात वर. ठेकेदाराच्या बँक गॅरंटीची मुदत बघितलीत? बऱ्याचदा कामाला मुदतवाढ मिळते आणि गॅरंटी जुन्याच तारखेची राहते.

ओढाकाठ:
आत्ता कपाटातून काढून बघितली. 18 जुलै. कामाला मुदतवाढ डिसेंबरपर्यंत आहे. माझ्या लक्षातच नव्हतं.

जुनाजेई:
मग हेच पहिलं वाक्य. ठेकेदाराला मुदत वाढवून आणायचं पत्र आजच तुमच्या सहीने पाठवायला घ्या, त्याची प्रत टिपणाला जोडा. त्याने वाढवून आणली नाही तर मुदत संपायच्या आत बँकेकडे दाव्याचं पत्र पोचायला हवं, ही तारीखही लिहा. वाढवलेला कागद आला की तो खरा आहे का, हे बँकेकडून परस्पर विचारून घ्या.

आता दुसरं. विहिरीच्या क्षमता चाचणीचा दाखला कोणत्या महिन्यातला आहे?

टेकडीपल्याड:
आमच्याकडे टाकी बांधून दोन वर्षं झाली, नळाला थेंब नाही. तक्रार कुठे करायची? विहीर मार्चमध्येच तळाला जाते.

जुनाजेई:
दादा, तुमचा प्रश्न वेगळा आहे, आधी ग्रामसभेत लेखी द्या. पण ताई, मी महिना विचारला तो याच्यासाठीच.

ओढाकाठ:
दाखला नोव्हेंबरचा आहे. 'उद्भव पुरेसा' असा शेरा.
पण मे महिन्यात मी स्वतः टेप टाकून बघितलं होतं. विहिरीचा व्यास 5 मीटर. रात्री उपसा थांबवला, सकाळपर्यंत बारा तासांत पाणी 1.2 मीटर चढलं, म्हणजे साधारण 23,500 लिटर. दिवसाचे 47,000 धरले तरी 1100 लोकांना माणशी 55 लिटरने 60,500 लागतात. हे फक्त माझ्या डायरीत आहे, फाईलमध्ये नाही.

जुनाजेई:
47,000 हाही पक्का आकडा नाही. पातळी चढत जाते तसा झऱ्यांचा जोर कमी होतो, त्यामुळे थोडं थोडं उपसून मोजलंत तर आकडा बदलेल. पण एका मापावर 'अपुरा' असंही लिहू नका. तारीख, वेळ, माप लिहा आणि 'उन्हाळ्यात फेरचाचणी आवश्यक' एवढंच मागा.

आवकजावक:
जाता जाता असं पत्र फाईलला लावलंत तर वरचे विचारतील, मे महिन्यात का नाही दिलंत?

ओढाकाठ:
विचारतीलच, आणि त्यांचं बरोबर आहे. उपअभियंता साहेब म्हणाले, आता कशाला. पण नळ उघडून वाट बघणारी बाई माझ्या गैरसोयीपेक्षा मोठी वाटते मला. पत्र देणार.

आणखी एक जागा अडचणीची आहे. जलकुंभाची जमीन ज्यांनी दिली त्यांचं पान 212 वर शंभराच्या स्टॅम्पवर संमतीपत्र आहे. बक्षीसपत्र होण्याआधीच ते वारले. सातबारावर आता तीन वारस आहेत, त्यातला धाकटा तोंडी नाही म्हणतो. तोंडी गोष्ट टिपणात लिहावी का?

जुनाजेई:
कोणाला कोणत्या दिवशी भेटलात आणि ते काय म्हणाले, एवढं लिहा. हेतूबद्दल आपला अंदाज नको. वरचं काँक्रीट चढवायचं की थांबायचं, हे तुमच्या टिपणाने ठरणार नाही, ते कार्यकारी अभियंत्यांपुढे ठेवायला लागेल.

आवकजावक:
मी असतो तर हे तोंडीच सांगितलं असतं. कागदावर आलं की भाऊबंदकी पेटते.

ओढाकाठ:
यावर अजून मन ठरत नाही. बाकीचं असं लिहिलंय:

'1. बँक गॅरंटी 18 जुलैला संपते. ठेकेदाराला पत्र दिले, प्रत जोडली. 10 जुलैपर्यंत उत्तर नसल्यास बँकेला दाव्याचे पत्र द्यावे.
2. उद्भव: दाखला नोव्हेंबरचा, पान 87. मे महिन्याचे माप सोबत.
3. वितरण वाहिनी 700 मीटर शिल्लक. त्यात राज्य मार्ग ओलांडण्याची परवानगी बाकी, सा. बां. विभागाला दोन स्मरणपत्रे गेली.'

मान्यता आणि निविदा शेवटी चार ओळींत, पान क्रमांकासह. गुरुवारी सकाळी सहकाऱ्याला घेऊन विहिरीवर जातेय, टेप त्याच्या हातात देणार.