प्रवेश नाकारणारे पत्र : आपण काय लिहिले, केव्हा पाठवले?

मावशी_नाशिक
माझ्या भाचीला यंदा पदार्थविज्ञानातील पीएच.डी.साठी अमेरिकेतील दोन विद्यापीठांकडून विद्यावेतनासह प्रवेश देऊ करण्यात आला असून, त्यांपैकी एकाचा तिने स्वीकार केला आहे. दुसऱ्या विद्यापीठातील एका प्राध्यापकांनी तिच्याशी आपुलकीने दीर्घ चर्चा केली होती आणि प्रवेश कार्यालयातील बाईंनी तिच्या गुणपत्रिकेचा घोळ स्वतःहून निस्तरला होता, त्यामुळे त्यांना नकार कोणत्या शब्दांत कळवावा या विचाराने ती अडून बसली आहे. ज्यांनी असे पत्र लिहिले आहे किंवा ज्यांच्याकडे अशी पत्रे येतात, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

जुना_मास्तर
अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठात मी बरीच वर्षे विभागाच्या प्रवेश समितीवर होतो, म्हणून पत्र पोहोचल्यावर तिथे काय घडते ते आधी सांगतो. सगळे उमेदवार येणार नाहीत हे गृहीत धरून विभाग उपलब्ध जागांपेक्षा अधिक जणांना प्रवेश देऊ करतो, परंतु विद्यावेतनाचा पैसा मोजकाच असल्यामुळे काही चांगल्या उमेदवारांना प्रतीक्षा यादीवर ठेवावे लागते. नकार आला की समन्वयक तो नोंदवून घेतात, समिती त्या विषयशाखेत आता किती जण उरले ते पाहते आणि गरज असेल तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला कळवते. हा नकार मार्चमध्ये आला तर त्या पुढच्या मुलाला विचार करायला अवधी मिळतो. १४ एप्रिलच्या रात्री आला तर त्याने तोवर बहुधा दुसरीकडे होकार दिलेला असतो. भाचीचा निर्णय झाला असेल, तर पत्राच्या भाषेवर आठवडा घालवण्यापेक्षा ते आजच पाठवणे अधिक सौजन्याचे ठरेल.

मात्र जिथे जायचे आहे तिथला होकार संकेतस्थळावर नोंदला गेला आहे आणि विद्यावेतनाची रक्कम व मुदत लेखी हाती आली आहे, एवढे पाहूनच दुसरे दार बंद करावे. प्राध्यापकांनी तोंडी दिलेले आश्वासन कितीही प्रामाणिक असले, तरी ते विभागाचे पत्र नव्हे.

कोथरूडची_लेक
माझ्या माहितीप्रमाणे १५ एप्रिलपर्यंत कोणतेही अमेरिकी विद्यापीठ उत्तरासाठी घाई करू शकत नाही, त्यामुळे भाचीने निवांत राहावे. मीही शेवटच्या दिवसापर्यंत सगळ्यांना थांबवून ठेवले होते आणि मला कोणी काही म्हटले नाही.

जुना_मास्तर
ताई, आपले म्हणणे अर्धे बरोबर आहे. १५ एप्रिलचा संकेत तेथील पदव्युत्तर शिक्षणसंस्थांच्या परिषदेने केलेल्या ठरावातून आला आहे. तो त्यावर सही करणाऱ्या संस्थांपुरता आहे आणि मुख्यतः विद्यावेतन किंवा साहाय्यकपद देऊ करणाऱ्या प्रस्तावांसाठी आहे. स्वखर्चाच्या एम.एस.साठी विद्यापीठे आपापली मुदत ठरवतात, आणि ती त्याआधी संपूही शकते. शिवाय त्या तारखेपर्यंत उत्तर देण्याचे बंधन नाही, याचा अर्थ निर्णय झाल्यावरही तोपर्यंत गप्प बसावे असा होत नाही.

सांगली_ते_लीड्स
माझा अनुभव ब्रिटनमधील स्वखर्चाच्या एम.एस्सी.चा आहे. तिथे जागा राखण्यासाठी अनामत भरलेली असली, तर नकाराच्या पत्राआधी परताव्याच्या अटी वाचाव्यात. व्हिसा नाकारला गेला तर बहुतेक ठिकाणी ती परत मिळते, पण मन बदलले म्हणून मिळेलच असे नाही; मला ती मिळाली नाही आणि अटीत तसे स्पष्ट लिहिलेले होते. अनामत मागण्याचे आणि आभाराचे पत्र एकत्र करू नये, असे मला वाटते. आधी गोड बोलून शेवटी पैसे मागणाऱ्या पत्राचे आभार कोणाला खरे वाटणार?

विदर्भ_एक्सप्रेस
माझा प्रश्न थोडा निराळा आहे. मुलाने इथल्याच एका खाजगी अभिमत विद्यापीठात प्रवेश घेतला होता, नंतर त्याला दुसरीकडे मनासारखी शाखा मिळाली, आणि आता पहिली संस्था मूळ दाखले व शुल्क परत करायला खळखळ करते आहे. त्यांनाही असेच आभाराचे पत्र लिहिले तर काम होईल का?

कोथरूडची_लेक
दादा, तुमच्याकडे आभारापेक्षा तारखेचा शिक्का महत्त्वाचा आहे. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्या. मूळ दाखले संस्थेने अडवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे स्पष्ट म्हणणे आहे. शुल्काबाबत आयोग त्या त्या वर्षासाठी मुदत जाहीर करतो. २०२४ मध्ये ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि त्यानंतर ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कपात, असे सांगितले होते. यंदाचे परिपत्रक काढून अर्जाला जोडा.

मावशी_नाशिक
सर्वांचे आभार. भाचीने कार्यालयासाठी मसुदा केला आहे. मूळ इंग्रजी आहे, आशय मराठीत देते.

«माझा अर्ज क्रमांक अमुक असून, आगामी सत्रातील पदार्थविज्ञानाच्या पीएच.डी. अभ्यासक्रमासाठी आपण मला प्रवेश व अध्यापन साहाय्यकपद देऊ केले, याबद्दल मी आभारी आहे. पूर्ण विचारांती मी दुसऱ्या विद्यापीठाचा प्रस्ताव स्वीकारला आहे, म्हणून आपला प्रस्ताव मला स्वीकारता येणार नाही असे वाटते. माझ्या गुणपत्रिकेतील विसंगती आपल्या कार्यालयाने विद्यापीठाशी थेट संपर्क साधून दूर केली, त्यामुळे माझा अर्ज वेळेत समितीपुढे जाऊ शकला. ते साहाय्य मी विसरणार नाही. पुढील वर्षी परिस्थिती बदलल्यास माझा विचार व्हावा, ही विनंती.»

जुना_मास्तर
गुणपत्रिकेचे वाक्य उत्तम आहे, कारण ते दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठाला पाठवता येणार नाही. «असे वाटते» मात्र काढावे. समन्वयकांना नकार नोंदवायचा असतो आणि संदिग्ध वाक्यावर त्यांना पुन्हा विचारणा करावी लागते. «मी हा प्रस्ताव नाकारत आहे» एवढे सरळ लिहावे. शेवटचे वाक्यही गाळावे. प्रवेश पुढे ढकलणे ही वेगळी विनंती असते, आणि दुसरीकडे होकार दिल्यावर ती करणे शोभत नाही. प्राध्यापकांना स्वतंत्र पत्र लिहून चर्चेतील एखाद्या नेमक्या मुद्द्याचा उल्लेख करावा. आणि संकेतस्थळावरील नकाराचे बटण दाबायला विसरू नये: पत्र आले, पण नोंद «उत्तर प्रतीक्षेत» अशीच राहिली, असे प्रकार मी पाहिले आहेत.

सांगली_ते_लीड्स
कुठे जाणार ते लिहावे का? मी लिहिले नव्हते. उगाच तुलना होते.

जुना_मास्तर
मी लिहावे म्हणेन. कोणाकडे उमेदवार गमावतो हे विभागाला कळते, आणि त्याच क्षेत्रात राहायचे असल्याने पहिल्या परिषदेत ते प्राध्यापक भेटणारच आहेत. पण सक्ती नाही, आणि माझे काही सहकारी आपल्याच मताचे होते. विद्यावेतनाचे आकडे मात्र लिहू नयेत. त्याने घासाघीस सुरू आहे असा समज होतो.

मावशी_नाशिक
एक शंका राहिली. ज्यांना नकार द्यायचा, त्यांचा आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा दाखला, आधीच आला आहे आणि सेव्हिस या अमेरिकी सरकारच्या विद्यार्थी-नोंदणीचे ३५० डॉलरही त्याच दाखल्यावरील क्रमांकावर भरले गेले आहेत.

जुना_मास्तर
मग पत्राची प्रत तेथील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयालाही पाठवावी, म्हणजे ते ती नोंद रद्द करतील. शुल्क नव्या क्रमांकावर वळवून घेता येते. नवा आय-ट्वेंटी हाती आल्यावर तशी विनंती करावी. व्हिसाच्या अर्जात नव्याच विद्यापीठाचा क्रमांक आहे ना, हे मुलाखतीपूर्वी तपासावे.