अनुभव धागा: पहाटेचं विमान आणि भरवशाची गाडी

रातराणी
मंडळी, आज भाची बॅग भरताना सहज म्हणाली, "मावशी, अ‍ॅपवर उद्याची गाडी बुक करून ठेवलीये, काही काळजी नाही." ते ऐकलं आणि जुनी एक रात्र जशीच्या तशी आठवली. आईला घेऊन निघायचं होतं, विमान पहाटेचं. बस, ट्रेन काहीच सुरू नव्हतं. गाडी आदल्या संध्याकाळी अ‍ॅपवर बुक केली होती, "तुमची राइड निश्चित झाली आहे" असा मेसेजही आला होता. निघायच्या वेळेला वीस मिनिटं राहिली तेव्हा स्क्रीनवर आलं, "ड्रायव्हर शोधत आहोत". म्हणजे तोपर्यंत कुणी ठरलेलंच नव्हतं! मग एकाने घेतली, फोन करून कुठे जायचंय विचारलं आणि रद्द केली. दुसऱ्यानेही तेच. आई शांतपणे पायरीवर बसून होती आणि माझ्या पोटात गोळा. शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकांनी उठून सोडलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.
तुमचे अनुभव लिहा. खरंच भरवशाची गाडी कशी मिळवता तुम्ही? भाचीचं विमान ५:४० चं आहे, सामान मोठं आहे.

चिवचिव
अगदी अगदी. "निश्चित" हा शब्द वाचून मीही गाढ झोपले होते एकदा. पुढचं आठवायचं नाही.

निवांत_जीव
वेब चेक-इन करून टाकायचं, मग एवढं लवकर जायची गरजच नाही. मी नेहमी आरामात निघतो.

पक्षीराज
@निवांत_जीव, तुम्ही पाठीवरची एक बॅग घेऊन जात असाल. सामान द्यायचं असेल तर वेब चेक-इन केलेलं असलं तरी बॅग घेणारा काउंटर त्याच्या वेळेला बंद होतो. बोर्डिंग पास हातात असतो आणि बॅग घ्यायला कुणी तयार नसतं. बायकोच्या बाबतीत झालंय हे, फार वाईट वाटतं.

निवांत_जीव
हो, माझ्याकडे सामान नसतं हे खरं. पण मग सामानवाल्यांनी नक्की किती आधी पोचायचं?

गाडीवान
रातराणीताई, माझ्या दोन गाड्या आहेत, बरीच वर्षं रात्रीच्या विमानतळ फेऱ्या करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
आधी अ‍ॅपचं. बऱ्याच अ‍ॅपमध्ये आगाऊ बुकिंग म्हणजे फक्त तुमची विनंती जपून ठेवलेली असते. ती ड्रायव्हरांकडे जाते निघायच्या थोडं आधी, नेहमीच्या विनंतीसारखीच. त्या वेळी तुमच्या भागात कुणी जागं असेल तर गाडी मिळते. काही अ‍ॅप आधीच ड्रायव्हर नेमतात, पण मग नाव आणि गाडीचा नंबर आदल्या रात्रीच दिसतो. भाचीला म्हणावं, रात्री झोपायच्या आधी स्क्रीनवर नाव-नंबर आहे का बघ. नसेल तर गाडी ठरलेली नाही असंच समजायचं.
आता ड्रायव्हर रद्द का करतो? पहाटे तीनला रस्त्यावर असतो तो बहुतेक दिवस संपवून घराकडे निघालेला असतो. विमानतळ त्याच्या घराच्या उलट दिशेला असेल तर त्याला ते नको असतं. शिवाय तिथून परतीचं भाडं मिळायला पार्किंगच्या रांगेत तासन्‌तास थांबावं लागू शकतं. त्यापेक्षा पहाटे ड्यूटी सुरू करणारा ड्रायव्हर शोधा. त्याला पहिलं भाडं लांबचं मिळालेलं हवंच असतं आणि तो झोप झालेला असतो. फोनवर एवढंच विचारायचं: "दादा, त्या दिवशी तुमची ड्यूटी तिथे संपते की तिथून सुरू होते?"

रातराणी
हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. दादा, भाचीसाठी वेळेचा हिशोबही सांगाल का? तिच्या तिकिटावर बॅग काउंटर ६० मिनिटं आधी बंद असं लिहिलंय. रात्री रस्ता ५० मिनिटांचा.

मनमोर
विषय थोडा वेगळा, पण रात्री उशिरा विमानतळावर उतरल्यावर घरी यायला काय करता? मला तोच प्रश्न जास्त छळतो.

गाडीवान
@मनमोर, ते सोपं आहे, बाहेर रांगेत गाड्या उभ्या असतात. जाताना मात्र गाडीला तुमच्या दारापर्यंत यावं लागतं, अडचण तिथे असते.
ताई, उलटीकडून मोजा. विमान ५:४०, म्हणजे काउंटर ४:४० ला बंद. पहाटे एकदम बरीच विमानं सुटतात, त्यामुळे दारावर आणि काउंटरवर रांगा असतात. त्यासाठी ४० मिनिटं धरली तर ४:०० ला टर्मिनलच्या दारात. रस्ता ५० मिनिटं, म्हणजे चाक ३:१० ला हललंच पाहिजे. ही शेवटची वेळ. गाडी मात्र २:४० ला बोलवायची.
मधला अर्धा तास दुसऱ्या गाडीसाठी ठेवायचा. २:४० ला पहिली गाडी दारात नसेल आणि ड्रायव्हर पाच मिनिटांवर आहे असं दिसत नसेल, तर वाट न बघता दुसरी मागवायची. तिला यायला वीस-पंचवीस मिनिटं लागली तरी ३:१० चं गणित जमतं. लोक अडकतात ते "येतोय, येतोय" ऐकत तीन वाजेपर्यंत थांबून. तोपर्यंत दुसऱ्या गाडीची वेळ निघून गेलेली असते.

पक्षीराज
लाख मोलाचं. मी दुसरा नंबर आदल्या दिवशीच विचारून ठेवतो, "गरज पडली तर रात्री फोन केला तर चालेल का?" एवढंच. अनोळखी माणसाला पहाटे अचानक उठवण्यापेक्षा हे बरं.

चिवचिव
मी ड्रायव्हरला सरळ अर्धा तास आधीचं विमान सांगते. पाचला असेल तर साडेचार. कधी उशीर झाला नाही.

गाडीवान
@चिवचिव, राग मानू नका, पण आम्हाला कळतं हो. विमानांच्या वेळा पाठ होतात. एकदा कळलं की त्या घरची वेळ मनातल्या मनात पुढे ढकलली जाते. खरी वेळ सांगा आणि गाडी लवकर बोलवा.

चिवचिव
मला नाही पटत. माझं तरी जमलंय आजवर, मी तेच करणार.

सायलीची_आई
घाईत लिहितेय, बाळ उठेल. आमच्याकडे तारखेचा घोळ झाला होता. "मंगळवारी पहाटे" सांगितलं, ड्रायव्हरने मंगळवारची रात्र धरली, म्हणजे पूर्ण एक दिवस नंतर. फोन केला तर तो गाढ झोपेत आणि त्याच्या बाजूने तो बरोबरच. तेव्हापासून मेसेज असा लिहिते: "सोमवारी रात्री जेवून झोपायचं आणि उठून मंगळवार तारीख अमुक, पहाटे २:४०." हसतात, पण चुकत नाहीत. विमान रात्री १२:३० चं असेल तर अजून जपा, घरातून आदल्या तारखेला निघायचं असतं.

पक्षीराज
आणि अ‍ॅपमध्ये AM आणि PM नीट बघा. दुपारी २:४० ची गाडी बुक झालेली पाहिलीय मी.

दूरदेशी
घड्याळ पुढे करतात अशा देशात राहत असाल तर ती रात्रही बघून घ्या. रात्री एक तास नाहीसाच होतो. फोन आपोआप बदलतो, भिंतीवरचं घड्याळ नाही. मित्राचा गजर भिंतीच्या घड्याळाच्या हिशोबाचा होता. पोचला बिचारा, पण धावत.

मुक्ता_प्रवासी
एकटी जाणाऱ्यांसाठी लिहिते. ड्रायव्हरला "तुम्ही अमक्यांसाठी आलात का" असं आपलं नाव घेऊन विचारत नाही मी. "कोणासाठी आलात?" असं विचारते आणि नाव त्याच्याकडून येऊ देते. नंबर प्लेट मेसेजशी जुळवते, बसायच्या आधी घरी फोटो पाठवते, लाइव्ह लोकेशन सुरू. ड्रायव्हर चांगलेच भेटलेत, तरी हे सोडत नाही. पहाटे रस्त्यावर विचारायला कुणी नसतं.

रातराणी
मुक्ता, हे भाचीला जसंच्या तसं पाठवलं.

निवांत_जीव
एवढ्या उपद्व्यापापेक्षा रात्रीच विमानतळावर जाऊन झोपावं ना. शेवटची ट्रेन पकडायची की झालं.

दूरदेशी
सगळीकडे जमत नाही. काही विमानतळ रात्री बंद असतात, काही ठिकाणी विमानाच्या ठरावीक तास आधीच आत सोडतात. आधी चौकशी करा, नाहीतर सामानासकट बाहेर बसावं लागतं. जमत असेल तर मात्र मलाही तेच आवडतं.

मनमोर
वयस्कर माणसं बरोबर असतील तर खुर्चीवर रात्र काढणं कठीण हो. आमच्या बाबांची कंबर दोन दिवस धरली होती.

सायलीची_आई
अगं, आता कशी आहे तब्येत बाबांची?

मनमोर
बरी आहे आता. फिरायला जातात रोज. विचारलंस, छान वाटलं.

पक्षीराज
गाडीवानदादा, आगाऊ पैसे द्यावेत का? घरात यावर वाद आहे.

गाडीवान
ओळखीचा असेल तर थोडे द्या, बांधला जातो. अनोळखी असेल तर मी म्हणेन नको. पण माझ्या भागीदाराचं मत उलट आहे, तो पैसे घेतल्याशिवाय रात्रीची गाडी काढत नाही. त्याचंही खरं आहे, लोकही आयत्या वेळी रद्द करतात आणि ड्रायव्हरची झोप जाते.
पैशापेक्षा दोन फोन महत्त्वाचे. एक आदल्या रात्री नऊच्या सुमारास: तारीख, वेळ, बॅगा किती, इंधन भरलंय का. डिकीत गॅसची टाकी असेल तर दोन मोठ्या बॅगा बसत नाहीत, हे दारात कळून उपयोग नाही. दुसरा फोन गाडी यायच्या पाऊण तास आधी. तेव्हा "निघालात का" विचारू नका, त्याला उत्तर कायम "हो"च येतं. "कुठल्या चौकात आहात" विचारा किंवा लोकेशन मागा. मागे रस्त्याचा, इंजिनाचा आवाज येतोय का ऐका. खोली शांत असेल तर तो अजून अंथरुणात आहे, दुसऱ्या नंबरला सावध करा.

मुक्ता_प्रवासी
आवाजाचं आजपासून ध्यानात ठेवणार.

चिवचिव
पत्त्याचं पण लिहा कुणीतरी. आमचा पिन मागच्या गल्लीत पडतो, तिथलं फाटक रात्री बंद. ड्रायव्हर तिकडे उभा आणि मी इकडे.

पक्षीराज
पिन हाताने सरकवून पुढच्या फाटकावर ठेवायचा, आणि मेसेजमध्ये रात्री उघडं असणारं फाटक कुठलं ते लिहायचं. टर्मिनल कुठलं तेही. दोन टर्मिनलमधलं अंतर कधीकधी गाडीनेच कापावं लागतं.

रातराणी
मंडळी, भाचीने अ‍ॅपचं बुकिंग तसंच ठेवलंय, पण पलीकडच्या बिल्डिंगमधल्या एका ड्रायव्हरशी बोलून २:४० ठरवलं. त्याची ड्यूटी तिथूनच सुरू होते. काका म्हणालेत, गरज लागली तर मी आहेच.

पक्षीराज
छान. फक्त तो दारात आला की अ‍ॅपचं लगेच रद्द करा. दुसरा माणूस उगाच निघायला नको. रद्द करायचे पैसे कधीपासून लागतात तेही आत्ताच बघून ठेवा.

सायलीची_आई
दादा, बाळाची कार सीट असेल तर गाडी बोलावताना काही वेगळं सांगावं लागतं का? पुढच्या महिन्यात आमचंही पहाटेचंच आहे.

गाडीवान
हो, आधीच सांगा. मागच्या सीटला पट्टे नीट चालतात का ते ड्रायव्हरला बघायला सांगा, बऱ्याच गाड्यांत ते सीटखाली दडपलेले असतात. आणि सीट बसवायला दहा मिनिटं जास्त धरा, अंधारात वेळ लागतो.